सानिकाच्या शिकवणीबाबत

सानिकाचे आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी पालकसभेनंतर तुम्ही विचारलंत, सानिकाची गणिताची शिकवणी मी घरी घ्यावी म्हणून. विश्वासाने विचारलंत, याबद्दल आभार. पण शिकवणी मला घेता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे, त्यामुळे फी न घेता किंवा फक्त परीक्षेपुरतं असाही मधला मार्ग मला नको. शिवाय तिचा पेपर मीच काढते आणि मीच तपासते. उद्या तिला चांगले गुण मिळाले, तर ते तिच्या मेहनतीचे आहेत याबद्दल वर्गात कुणाला शंका यायला नको.

आता तिच्या गणिताबद्दल. घटक चाचणीत तिचे गुण गेले ते बहुतेक अपूर्णांकांच्या बेरजेत. २/३ + १/४ चं उत्तर तिने ३/७ लिहिलंय. गुणाकारात अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणतो, तीच रीत ती बेरजेला लावते. गुणाकार तिचे सगळे बरोबर आहेत, म्हणजे हा आळस किंवा दुर्लक्ष नाही. कृपया रागावू नका.

घरी एवढं करा. चौकटीच्या वहीतून सलग १२ चौकटींची पट्टी कापा. २/३ म्हणजे ८ चौकटी आणि १/४ म्हणजे ३ चौकटी तिलाच रंगवू द्या. ११ चौकटी रंगल्या की ११/१२ हे उत्तर तिला डोळ्यांनी दिसेल. मग विचारा, "२/३ एकटाच अर्ध्याहून मोठा आहे, मग बेरीज ३/७, म्हणजे अर्ध्याहून लहान, कशी येईल?" उत्तर तिचं तिला शोधू द्या. रोज पाचच उदाहरणं, पंधरा मिनिटं. चुकलेलं तुम्ही खोडून दुरुस्त करू नका, बाजूला फक्त खूण करा. ती कुठे अडली हे मला त्या पानावरूनच कळतं. (लसावि काढायची घाई आधी नको, पट्टी हाताखाली बसली की समच्छेद आपोआप पटतो.)

शाळेत मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेला मी शंकानिरसन घेते. ते सर्वांसाठी खुलं आहे आणि वर्गातली चार-पाच मुलं येतातच. सानिकाने खूण केलेली वही घेऊन यावं. वर्गात ती हात वर करायला कचरते, तिथे पाचजणांत विचारेल असं वाटतं.

बाहेर शिकवणी लावायची असेल तर तो निर्णय तुमचा; त्याने माझ्या मनात काही येणार नाही. मी कुणाचं नाव सुचवणार नाही, पण वर लिहिलेली अडचण त्यांना जरूर दाखवा. नाहीतर ते पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात आणि नेमकं अडलेलं तसंच राहतं.

सहा आठवड्यांनी, पुढच्या चाचणीनंतर, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटू. तेव्हा दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बघू.

आपली,
सानिकाची गणिताची शिक्षिका, इयत्ता सातवी