दृश्य 7 : पडवी

आतील. देवगडजवळचं चिरेबंदी कौलारू घर. जुलै, तिन्हीसांज.

(गळतीखाली पातेलं. थेंबांचा आवाज दृश्यभर; संगीत नको. दादा फाईल सरकवतो.)

दादा : हक्कसोडपत्र. सोमवारी दुय्यम निबंधकाकडे सही केलीस की झालं.

ताई : सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव. वारस नोंद नाही, फेरफार नाही, आणि तू बयाणा घेतलास?

दादा : दोन लाख. वाशांना वाळवी लागलीय. दरवर्षी शाकारणी कोण करणार?

ताई : मे महिन्यात मीच केली. हे कौल माकडांनी फोडलंय.

दादा : (खाली बघत) तुझ्या लग्नात दिलं होतं की सगळं.

(ताई पातेलं खळ्यात रिकामं करून येते, पण जरा बाजूला ठेवते. थेंब फाईलवर पडतो. कुणीच हलत नाही.)