आमच्या भूगोलाच्या बाई रिटायर होतायत!

स्लाइड १
बाई, मनापासून थँक्यू! तुमच्या सगळ्या बॅचेसकडून ❤️

स्लाइड २
"सिंहगडावर आम्ही सगळे भजी खायला पळत होतो तर बाईंनी थांबवून आधी कातळ दाखवला, म्हणाल्या हा बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थर एकावर एक साचून झालाय, हात लावून बघा. आज मी जिऑलॉजी शिकवते, आवड तिथेच लागली." – २००४ बॅच

स्लाइड ३
"१९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठल्या पेठांत शिरलं ते बाईंनी पर्वतीवरून बोट करून दाखवलं आणि आजी सांगायची तो पूर मला तेव्हा खरा कळला." – २०११ बॅच

स्लाइड ४
"नकाशात दिशा नाही दाखवली की अर्धा मार्क कट. नेहमी!" – २०१८ बॅच

स्लाइड ५
"सहलीचे पैसे भरले नव्हते, बाईंनी कुणाला न कळू देता माझं नाव यादीत घातलं. आई अजून त्यांची आठवण काढते." – १९९८ बॅच

स्लाइड ६
शनिवारी संध्याकाळी ५ वाजता शाळेच्या हॉलमध्ये भेटूया. बाई हार-तुरे नको म्हणाल्यात, पण जुनी नकाशावही सापडली तर नक्की आणा, त्यांना बघायचीये!