वारस नोंद

आई गेल्याचं इचलकरंजीला कळवलं होतं. दाजींनी फोन घेतला, "सांगतो" म्हणाले. दहाव्याला तिकडून कोणी आलं नाही. आम्हीही वाट पाहिली नव्हती.

पुढे वारस नोंदीसाठी गेलो तर तलाठ्याने सातबारा समोर सरकवला. १९९१ साली वडील वारले तेव्हाची तीन नावं होती त्यावर. आई, मी आणि खाली सुभद्रा.

"ही कोण?"

"बहीण. जावळी."

"मग नुसतं आईचं नाव कमी करून भागणार नाही. जमीन एकट्याच्या नावावर हवी असेल तर बहिणीचं हक्कसोडपत्र आणा."

मी म्हटलं, ती लहानपणीच दत्तक गेलीय. दत्तकपत्र आहे का, असं त्याने विचारलं. ते कुठून असणार? दुष्काळात पोरगी दुसऱ्याच्या घरी जेवायला पाठवताना कोण स्टॅम्पपेपर करतं? कागद असता तर तिचा इथला हक्कच उरला नसता. तो नव्हता, म्हणून ती तेहतीस-चौतीस वर्षं सातबाऱ्यावर माझ्या नावाखाली मुकाट बसून होती.

आम्हा जुळ्यांचा जन्म कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यातला, १९६७चा. पाचवं वर्ष लागलं आणि बहात्तर उजाडलं. माण तालुक्याला दुष्काळ नवा नाही, पण ते साल वेगळं होतं. आई-वडील दोघं खडी फोडायला. घरात मिलोच्या लाल भाकरी, कामावर सुकडी. मावशीचा नवरा लालबागला गिरणीत होता आणि त्यांना मूल नव्हतं. मावशी आली, सुभद्राला घेऊन गेली. पाऊस झाला की आणू, असं ठरलं होतं. पाऊस झाल्यावर वडील आणायलाही गेले. तोवर ती शाळेत शोभा झाली होती, मावशीला आई म्हणत होती. "आता नेलीत तर पुन्हा तोंड दाखवू नका," असं मावशी म्हणाली. वडील रिकाम्या हातांनी परतले आणि आईने बहिणीचं नाव टाकलं.

इतकंच. कोणी हरवलं नव्हतं, कोणाला शोधायचं नव्हतं. ब्याऐंशीच्या संपानंतर ते इचलकरंजीला यंत्रमागावर गेले, तेव्हाही नवा पत्ता आला होता. लग्नाच्या पत्रिका इकडून तिकडे जायच्या, तिकडून इकडे यायच्या. जायचं कोणी नाही. दहिवडीहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं, पण आईच्या हयातीत हे बोलायची सोय नव्हती, आणि पन्नाशीनंतर मलाच वाटायला लागलं की आता जाऊन म्हणायचं तरी काय.

फोनवर ती म्हणाली, "येते. पण घरी नको. कचेरीतच भेटू."

ओळखायचा प्रश्न नव्हता. भाच्याने आधार कार्डाचा फोटो आधीच पाठवला होता. स्टँडवरून ती एकटीच चालत आली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. चेहरा मावशीचा. जावळी म्हणजे आतून काहीतरी हलेल, असं वाटलं होतं मला. तसं काही झालं नाही. चप्पल कुठे काढायची, एवढंच तिने विचारलं.

"तुम्ही किसन?"

"हो. तुम्ही... ये ना. बस."

अर्जनवीस कडुनिंबाखाली टेबल टाकून बसतो. त्याने आधार पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सातबाऱ्यावर सुभद्रा, आधारवर शोभा. म्हणजे आधी प्रतिज्ञापत्र, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच. मग हक्कसोड. "आणि शंभर-दोनशेचा जमाना गेला, आता पाचशेचा स्टॅम्प," असं त्याने माझ्याकडे बघून ऐकवलं, जणू तो भाव मीच वाढवला होता.

मसुदा तयारच होता. तिने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि वाचायला बसली. माझ्या बायकोला वाटलं होतं, खूण दाखवू तिथे सही करेल. ती पहिल्या पानापासून वाचत होती. बोटांच्या पेरांना सुताने पडलेल्या बारीक चिरा होत्या. तीस वर्षं कांड्या भरल्यात, असं नंतर कळलं. कागदाची कड ती त्या बोटांनी सारखी चाचपत होती, धागा तपासावा तशी.

"विनामोबदला, राजीखुशीने," तिने मोठ्याने वाचलं. "क्षेत्र किती?"

"दोन एकर दहा गुंठे. विहिरीत पाणी फेब्रुवारीपर्यंत."

"काय लावतोस?"

"बाजरी, मटकी. औंदा थोडा कांदा."

एवढ्यात तुम्ही-आम्ही गळालं होतं, कोणी गाळलं कळलं नाही. चहा आला. तिने बशीत ओतला, फुंकला, आणि कपाकडे बघतच विचारलं, "मलाच का दिली?"

हा प्रश्न येणार, हे धरूनच आलो होतो. आई जे सांगायची तेच सांगितलं. "तू काय बी खायचीस. मला मिलोची भाकर उतरायची न्हाई, सारखा आजारी. आई म्हणायची, ही कुठं बी जगंल, हे पोरगं माझ्यापासनं लांब गेलं तर मरंल."

"आमच्याकडं वेगळं सांगायचे. पोरगा ठेवते, पोरगी ने, असं म्हणाली म्हणे."

"तसं बी म्हणाली असंल."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "म्हणजे तुला नक्की ठाऊक नाही."

"न्हाई. पाचच वर्षांचा होतो की मी बी."

त्यावर ती हसली. मोठं नाही, नाकातून. मग विचारलं, आईला शेवटी त्रास झाला का. मी सांगितलं, तीन महिने अंथरूण, शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती. माझं नाव घ्यायची का, असं ती विचारेल म्हणून मी थांबलो. तिने विचारलं नाही. बरं झालं, कारण घेत नव्हती.

कागद तिने सरळ करून माझ्या पुढ्यात ठेवले.

"ही सही नाही करत मी."

अर्जनवीसाने पेन खाली ठेवलं. बायको म्हणाली, "वन्सं, अहो, हिस्सा हवा असेल तर तसं बोला. आम्ही काय नाही म्हणतोय का?" ते खरं नव्हतं. हिस्सा मागितला असता तर आम्ही नाहीच म्हणालो असतो.

"हिस्सा नको, वहिनी. पीक तुमचं, विहीर तुमची. आईचं नाव कमी करा, माझं राहू दे. इतकी वर्षं होतं, तुमचं काय अडलं?"

"सोसायटीचं कर्ज अडतंय," मी म्हणालो. आवाज चढला माझा. "दरवर्षी सही लागंल तुझी. दरवर्षी काय इचलकरंजीला पळू?"

"पळ की. नाहीतर मी येते."

"आणि उद्या तुझी पोरं?"

"त्यांचं त्यांना बघू दे. माझ्या पोरांना माण कुठे आहे, ते नकाशात दाखवावं लागतं."

राग आला होता आणि तो लपवायचंही कारण दिसेना. पाचशेचा स्टॅम्प फुकट गेला, हे मी बोलून दाखवलं. तिने पिशवीतून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली. मी ती परत ढकलली. ती अर्जनवीसाने उचलली, प्रतिज्ञापत्राचे आणि चहाचे वळते करून उरलेले तिच्या हातात दिले. प्रतिज्ञापत्रावर मात्र तिने सही केली, दोन्ही नावांनी.

"सोसायटीचा फॉर्म आण, त्यावर करते."

"तो आज न्हाई मिळत. सेक्रेटरी सोमवारी येतो."

"मग सोमवारी येते."

"सोमवारी गाडीत उभं राहायला जागा नसती. मंगळवारी ये. आणि जेवायला घरी ये, इथला चहा पिऊन पित्त व्हतं."