भूजलावरील सादरीकरणासाठी प्रश्न

(भूगोल विभाग, तृतीय वर्ष. गट क्र. 2: ‘शेतीप्रदेशांतील आटते भूजल’. शनिवारी उत्तरं तोंडीच द्यायची आहेत.)

मुलांनो, तुमच्या बोलण्यात ‘म्हणून’ हा शब्द फार वेळा आला. माझे बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत.

1. स्लाइड 3 : ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा (दिल्लीसह) इथलं 109 घन किलोमीटर भूजल गेलं, हे उपग्रहाने ‘पाहिलं’, असं तुम्ही म्हणालात. ग्रेस उपग्रहांना पाणी दिसतं, की गुरुत्वाकर्षणातला बदल कळतो? मातीतल्या ओलाव्याचा हिशेब वजा कशाच्या आधारे केला? यात मोजणी कुठवर आणि गणित कुठून सुरू?

2. स्लाइड 5 : पंजाबात उपसा पुनर्भरणाच्या दीडपट आहे. दर शेतातल्या पंपाला मीटर नसताना उपशाचा आकडा कसा काढतात?

3. स्लाइड 6 : ‘फुकट विजेमुळे पाणी आटलं, म्हणून फुकट वीज बंद करावी.’ इथे दोन वाक्यं एका दोरीने बांधली आहेत. पहिलं तपासता येतं: वीज फुकट होण्याआधी पातळी घसरत नव्हती का? भाताच्या हमीभावाचा वाटा किती, हे वेगळं कसं काढाल? दुसऱ्यासाठी मात्र कितीही विहिरी मोजल्या तरी पुरणार नाही. बिलाचा भार कोणी सोसायचा, हे कोणत्या आलेखात आहे?

4. स्लाइड 7 : पंजाबच्या 2009च्या कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली. घसरण मंदावली, ती कायद्यामुळे की पावसामुळे? तुलना कोणाशी केली? आणि लावणी उशिरा म्हणजे कापणीही उशिरा, मग गव्हाआधी पेंढा जाळायची घाई. हा परिणाम तुमच्या हिशेबात धरलात का? धरायचा की नाही, हे विज्ञान सांगतं की आपण ठरवतो?

5. स्लाइड 9 : पेडण्यातल्या विहिरीचा फोटो. तळ दिसतोय, खाली ‘गोव्यातही संकट’. फोटो एप्रिलचा आहे, हे तारखेवरून दिसतं. जांभ्यातलं पाणी पावसानंतर झरझर उतरतं आणि जूनमध्ये विहीर पुन्हा भरते, हे आमच्या घरच्या विहिरीवरही दरवर्षी दिसतं. फोटोतल्या त्याच विहिरीच्या किती वर्षांच्या मेमधल्या आणि नोव्हेंबरमधल्या नोंदी हव्यात, म्हणजे ‘आटतेय’ म्हणता येईल? (नोंदवही घेऊन जा, दोर मीटरच्या खुणांचा घ्या.)

6. शेवटची स्लाइड : ‘वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पंप देऊ नये.’ हे तुमचं मत आहे, असं तिथे लिहा. मग सांगा: विहिरीची नोंद कोणत्या प्रकारची आली तर हे मत बदलाल?