विलंब माफीच्या अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र : सुधारित मसुदा

सर, पक्षकाराचा सलग मजकूर तोडून परिच्छेद केले आहेत. ‘गरीब शेतकरी आहे, न्याय मिळावा’ हा भाग अर्जात हलवला. प्रतिज्ञापत्रात फक्त घटना ठेवल्या. मूळ सत्यापनात ‘सर्व मजकूर माझ्या समजुतीप्रमाणे खरा’ एवढेच होते. त्यातून स्वतःला काय माहीत आणि ऐकीव काय, ते कळत नाही, म्हणून परिच्छेदवार विभागले. सही शपथ अधिकाऱ्यासमोरच घ्यावी. पक्षकार आधीच करून आणतात.

मे. जिल्हा न्यायाधीश साहेब, सातारा यांचे कोर्टात

दत्तात्रय विठ्ठल जगदाळे … अर्जदार
विरुद्ध
बबन मारुती जगदाळे … सामनेवाले

प्रतिज्ञापत्र

मी, दत्तात्रय विठ्ठल जगदाळे, वय ६४ वर्षे, धंदा शेती, रा. मौजे वर्ये, ता. जि. सातारा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की :

१. मी या कामी अर्जदार असून मूळ दाव्यात वादी होतो. दावा सामाईक विहिरीच्या पाळीपाण्याबाबत होता.

२. मे. दिवाणी न्यायाधीश, क. स्तर, सातारा यांनी दि. १०/०७/२०२५ रोजी दावा नामंजूर केला.

३. निकाल व हुकूमनाम्याच्या नकलेसाठी मी दि. १४/०७/२०२५ रोजी अर्ज दिला. नक्कल दि. २३/०७/२०२५ रोजी तयार होऊन त्याच दिवशी मला मिळाली. अपिलासाठी वकिलांना दि. ०४/०८/२०२५ रोजी भेटायचे ठरले होते.

४. दि. ०२/०८/२०२५ रोजी शेतात घसरून पडल्याने माझ्या डाव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन दि. ११/०८/२०२५ रोजी मला घरी सोडले. दि. १२/०९/२०२५ पर्यंत अंथरुणावर विश्रांती घेण्याचा वैद्यकीय सल्ला होता. डिस्चार्ज कार्ड व वैद्यकीय प्रमाणपत्र परिशिष्ट ‘अ’ व ‘ब’ म्हणून सोबत जोडले आहे.

५. त्या काळात घरी मी व माझी पत्नी असे दोघेच होतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास राहतो. दि. १५/०९/२०२५ रोजी मी वकिलांकडे कागदपत्रे दिली.

६. तीस दिवसांची मुदत व नकलेचे दहा दिवस धरता अपील दि. १९/०८/२०२५ पर्यंत दाखल व्हावयास हवे होते. ते आज दि. १८/०९/२०२५ रोजी दाखल होत असल्याने तीस दिवसांचा विलंब झाला आहे.

सत्यापन

मी, वर नमूद प्रतिज्ञार्थी, सत्यापित करतो की, परिच्छेद १ ते ३ व ५ मधील मजकूर, तसेच परिच्छेद ४ मधील अपघात, शस्त्रक्रिया व घरी सोडल्याचा मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे. परिच्छेद ४ मधील वैद्यकीय सल्ल्याचा मजकूर परिशिष्ट ‘ब’ वरून व परिच्छेद ६ मधील मुदतीचा हिशेब माझ्या वकिलांनी दिलेल्या माहितीवरून असून, तो मी खरा मानतो. यात काहीही लपवलेले नाही. हे सत्यापन सातारा येथे दि. १८/०९/२०२५ रोजी केले.

सही/-
दत्तात्रय विठ्ठल जगदाळे
प्रतिज्ञार्थी

प्रतिज्ञार्थीस मी ओळखतो.
सही/-
अर्जदारातर्फे वकील

माझ्यासमक्ष सत्यप्रतिज्ञेवर सही केली.
सही/-
शपथ अधिकारी, सातारा
दि. १८/०९/२०२५