दिवाळीआधी एकदा दात दाखवून जा (२१ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी, विश्रामबागच्या दवाखान्यातून तुमच्या डॉक्टर मॅडम लिहितेय. हा मेसेज आपल्याकडे आधी येऊन गेलेल्या पेशंटनाच पाठवलाय, त्यामुळे दवाखाना कुठं आहे, जिना किती उभा आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

दरवर्षी काय होतं, दिवाळीच्या ऐन दोन दिवस आधी फोन सुरू होतात. मॅडम चकली खाताना दाढेत कचकन् लागलं, मॅडम कॅप हलायला लागलीय, मॅडम पाडव्याला फोटो आहेत जरा दात चमकवून द्या. आणि त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्यांना धड वेळ देऊ शकत नाही, लॅबपण बंद व्हायच्या बेतात असते. म्हणून यंदा दसरा झाला की लगेच, म्हणजे २१ ऑक्टोबरपासून ५ नोव्हेंबरपर्यंत, दिवाळीआधीचं चेकअप ठेवलंय. काही करायचं निघालंच तर हातात वेळ राहतो, आणि नाही निघालं तर निवांत फराळ करा.

आता पैशाचं आधी सांगते कारण सगळे तेच आधी विचारतात. चेकअपची फी एरवी ३०० रुपये आहे ती या काळात १५० घेऊ, आणि १२ वर्षांच्या आतल्या मुलांची काहीच नाही. दात साफ करायचे असतील, म्हणजे क्लिनिंग, तर एरवीचे १२०० आहेत ते ९००. बस्स, सूट एवढीच. रूट कॅनॉल, कॅप, सिमेंट भरणं, दात काढणं यांचे दर नेहमीचेच राहतील, कारण तिथं मटेरियल आणि लॅबचा खर्च दिवाळी आहे म्हणून काही कमी होत नाही. एक्स-रे सगळ्यांचा काढत नाही, बघून शंका आली तरच, आणि काढायच्या आधी विचारून, छोट्या एक्स-रेचे १५० वेगळे.

१५० रुपयांत नेमकं काय होतं ते पण ऐका. खुर्चीवर बसवून छोट्या आरशानं प्रत्येक दात मागून-पुढून बघायचा, जुनी सिमेंटं आणि कॅपा कडेनं उचकटल्यात का ते बघायचं, हिरड्यांच्या कडेला बारीक काडीसारखं एक माप असतं ते हळूच फिरवायचं, त्याच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, त्यावरून हिरडी दाताला घट्ट चिकटून आहे का सैल पडलीय ते कळतं. दुखत नाही, जरा टोचल्यासारखं वाटतं, सुजलेली हिरडी असेल तर थोडं रक्त येतं. मग जीभ, गालाची आतली बाजू, टाळू. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. शेवटी हातात आरसा देऊन तुमचं तुम्हाला दाखवते, म्हणजे मी सांगतेय त्यावर नुसता विश्वास ठेवायला नको. मागच्या वर्षी एका काकांना असाच आरसा दिला तर दोन दाढांच्या मधे अख्खा बेदाणा बसलेला दिसला, काका म्हणाले हा तासगावचाच आहे, रंगावरून ओळखतो.

त्यानंतर एका कागदावर लिहून देतो, कुठल्या दाताला काय आहे, काय लगेच करावं लागेल, काय दिवाळीनंतर केलं तरी चालेल आणि कशाकडं नुसतं लक्ष ठेवायचं, समोर अंदाजे खर्च. दातावर काळा ठिपका दिसला म्हणजे भरायलाच पाहिजे असं नसतं, काही डाग वर्षानुवर्षं तसेच राहतात, ते सहा महिन्यांनी परत बघायचे. आणि काहीच नसेल तर कागदावर 'काही करायची गरज नाही' असंच लिहिणार. तो कागद घेऊन घरी जा, घरच्यांना दाखवा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, आम्हाला राग नाही. खुर्चीत बसल्या बसल्या हो म्हणायची कुणालाच सक्ती नाही.

क्लिनिंगबद्दल जरा जास्त बोलते कारण गैरसमज तिथंच जास्त आहेत. क्लिनिंगनं दातावरचं किटण निघतं आणि चहाचे, तंबाखूचे, मिश्रीचे वरवरचे डाग बऱ्यापैकी निघतात. तुमच्या दाताचा जो मूळचा रंग आहे, थोडा पिवळसर असेल तर पिवळसर, तो तसाच राहणार. बऱ्याच जणांचे मूळचे दात पिवळसरच असतात आणि ते एकदम तब्येतीनं असतात. लहानपणापासून पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे जे पांढरट-तपकिरी पट्टे येतात ते क्लिनिंगनं जात नाहीत, ते आधीच सांगितलेलं बरं. दुसरं, 'क्लिनिंग केलं की दात हलतात' हे प्रत्येक घरात कुणीतरी एक आज्जी सांगतच असते. होतं असं की दातांच्या फटीत किटण भरलेलं असतं, ते काढलं की फट मोकळी लागते, जीभ सारखी तिथंच जाते आणि वाटतं की दात सुटले. ज्यांच्या हिरड्या आधीच बऱ्याच खाली गेल्यात त्यांना किटण निघाल्यावर दात हलताना जाणवू शकतो, पण तो क्लिनिंगनं सैल झालेला नसतो. चार-आठ दिवस गार पाणी झिणझिणतं, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. म्हणून क्लिनिंग करायचं असेल तर ऑक्टोबरमधेच या, वसुबारसेला केलंत आणि धनत्रयोदशीला गार बासुंदी खाल्लीत तर मग मला शिव्या घालाल.

दात पांढरे करायचं, म्हणजे ब्लीचिंग, हे वेगळं काम आहे आणि ते या ऑफरमधे नाही. मुद्दामच ठेवलं नाही. ते सगळ्यांना चालत नाही, कीड किंवा हिरड्यांची सूज असेल तर आधी ते बरं करावं लागतं, कॅप आणि सिमेंटचा रंग त्यानं बदलत नाही, त्यामुळे समोर कॅप असेल तर बाजूचे पांढरे आणि ती एकटी वेगळी दिसायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांचं आणि लहान मुलांचं आम्ही करत नाही. शिवाय केल्यावर एक-दोन दिवस हळद, चहा, कॉफी टाळायची असते, आता सांगलीत ऐन दिवाळीत हळदीशिवाय दोन दिवस कोण जेवणार सांगा. ज्यांना करायचंच आहे त्यांनी दिवाळीनंतर निवांत या, बोलू. तोपर्यंत मोबाइलवर बघून लिंबू-सोडा, कोळशाची पावडर असलं काही घासू नका, लिंबाच्या आंबटानं आणि खरखरीत पावडरनं वरचं कवच झिजतं आणि ते परत येत नाही.

बॅनर करणाऱ्या पोरानं आम्हाला जे डिझाइन पाठवलं होतं त्यात 'हिऱ्यासारखं हसू, एका भेटीत' असं लिहिलं होतं आणि फोटोतले दात दवाखान्याच्या भिंतीपेक्षा पांढरे. ते परत पाठवलं. तुमच्यातल्या कुणाचे आधीचे-नंतरचे फोटोपण आम्ही कुठं लावत नाही, ते काळजी करू नका.

रूट कॅनॉल निघालंच तर ते दिवाळीआधी पूर्ण होईल असा शब्द मी देत नाही. कधी एका बसण्यात होतं, कधी दोन-तीन लागतात, कॅप लॅबमधून यायला साधारण आठवडा जातो. पण सणाला दुखणार नाही एवढी व्यवस्था बहुतेक वेळा करता येते, मग त्या बाजूनं कडक चकली आणि डिंकाचा लाडू तेवढा टाळायचा.

येताना चालू असलेल्या गोळ्यांची यादी किंवा पाकिटं बरोबर आणा. शुगर असेल तर शेवटचा रिपोर्ट आणा, कारण हिरड्या आणि शुगर यांचा एकमेकांशी संबंध असतो. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर चेकअपसाठी ती बंद करून येऊ नका, आपल्या मनानं तर अजिबात नाही. पेसमेकर बसवलाय, हृदयाची झडप बदललीय, गरोदर आहात, तर फोनवरच ताईंना सांगून ठेवा. चेकअपला यायला यातल्या कुणालाच अडचण नाही, फक्त क्लिनिंगचं मशीन आणि औषधं त्या हिशोबानं ठरवायची असतात.

तंबाखू, मावा, मिश्रीवाल्यांनी पण या, भाषण देणार नाही. तोंड नीट उघडतंय का आणि आतनं कुठं पांढरा-लाल चट्टा आहे का एवढं बघते. तोंड येतं ते बहुतेक वेळा साधंच असतं आणि आठ-दहा दिवसांत भरून येतं, दोन आठवडे होऊन भरलं नाही तर मात्र तंबाखू खात असा वा नसा, एकदा दाखवून जा.

आणि हे चेकअप अजिबात दुखत नसणाऱ्यांसाठी आहे. गालाला सूज आलीय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला त्रास होतोय असं काही असेल तर २१ तारखेची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा. दवाखाना बंद असेल आणि गिळायला किंवा श्वासाला अडचण वाटली तर सरळ सिव्हिलला जा.

फराळाबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते, खा. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातनं किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त भोवतं. दर वेळी गोड तोंडात गेलं की साधारण अर्धा तास तोंडात आम्ल राहतं, त्यामुळे जेवणाबरोबर दोन लाडू चालतात पण येता-जाता डब्यातनं शंकरपाळी उचलत राहिलं की दिवसभर तेच चालू. पोरांचं तर हेच होतं. खाऊन झालं की पाण्यानं खळखळून चूळ भरायची आणि रात्री झोपायच्या आधी फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश, मग त्यानंतर किल्ल्यावरच्या मावळ्यांनी बोलावलं तरी काही खायचं नाही.

वेळ सकाळी १० ते १.३० आणि संध्याकाळी ५ ते ८.३०, रविवारी फक्त सकाळी. याच नंबरवर नाव, वय आणि कुठला दिवस जमेल ते टाका, ताई वेळ कळवतील, घरातले तीन-चार जण येणार असाल तर एकदम सांगा म्हणजे लागून वेळ देता येईल. तासगाव-पलूसकडच्यांची छाटणीची गडबड चालू असणार, त्यांच्यासाठी संध्याकाळी ७ नंतरच्या वेळा राखून ठेवल्यात. आज्जी-आजोबांना जिना जमत नसेल तर खालून फोन करा, शेजारच्या मेडिकलवाल्यांची खालची खोली आहे, तिथं येऊन बघते. गाडी मात्र शाळेच्या गेटसमोर लावू नका, मागच्या खेपेला दोन पेशंटची उचलून नेली.

तुमच्या डॉक्टर मॅडम आणि दवाखान्यातली मंडळी