फेरी क्रमांक दोन

‘NAMASKAR’ ही आठ अक्षरे मुक्ताला आता बघवत नव्हती. निळ्या पडद्यावर ती उमटत, दोन क्षण थांबत, त्यांच्या जागी ‘MATI: KORDI’ आणि ‘PHERI: 1’ अशा दोन ओळी येत, पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेचा टक् असा आवाज होई, पंप घुर्र करून जेमतेम हलल्यासारखा वाटे आणि लगेच पडदा पुसला जाऊन पुन्हा तीच आठ अक्षरे हजर होत. तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन परवावर आले होते आणि आठवीत शिकणाऱ्या मुक्ताचे यंत्र तीन रात्रींपासून ओसरीवर हाच एक खेळ खेळत बसले होते.

यंत्र तसे सोपे होते. पत्र्याच्या ट्रेमध्ये शेतातली काळी माती भरून तिच्यात तुरीची चार रोपे लावलेली होती. मातीत ओलावा मोजणारा दुपायी संवेदक खोचला होता. त्याचा आकडा 700 च्या वर गेला की आर्डुइनो या प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट-पाटीने पंप सुरू करायचा, 450 च्या खाली आला की बंद करायचा आणि प्रत्येक वेळी फेरीचा आकडा एकाने वाढवायचा. ठिबकच्या नळीला तिने जाड सुईने छिद्रे पाडली होती आणि नळीचे दुसरे टोक बादलीत सोडले होते, म्हणजे जादा पाणी वाया जाणार नाही. हा शेवटचा आग्रह आजीचा होता. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा मुक्ता अगदी लहान होती, पण ज्या घरात त्या उन्हाळ्याची गोष्ट दर वर्षी निघते, त्या घरातल्या पोरीला पाण्याचे यंत्र का सुचले हे वेगळे सांगायला नको.

बॅटरी आणि पंप दोन्ही बाबांच्या जुन्या फवारणीच्या चार्जिंग पंपातून काढलेले होते. टाकी फुटली होती, पण 12 व्होल्टची बॅटरी आणि आतला छोटा पंप चांगले होते. विज्ञानाच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे पंपाच्या दोन टोकांवर डायोडही लावलेला होता आणि त्याची पांढरी पट्टी धन टोकाकडेच होती. ते तिने तीनदा तपासले होते.

तिने काय तपासले नव्हते, हाच खरा प्रश्न होता. काळी माती वाळताना आकसते आणि संवेदकाभोवती फट पडते, त्यामुळे आकडा उड्या मारत असेल, असा तिचा पहिला संशय होता. म्हणून तिने माती ओली करून दाबून बसवली, पुन्हा वाळू दिली. काही फरक पडला नाही. मग तिने प्रोग्रॅममध्ये हात घातला. पंप सुरू करण्याच्या ओळीनंतर `delay(500);` टाकले, मग तेच `delay(2000);` केले. त्याने काही साधले नाही, पण एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. नमस्काराची ओळ `setup()` मध्ये होती आणि तो भाग यंत्र सुरू होताना एकदाच चालतो. म्हणजे प्रोग्रॅम पुढे कुठे अडकत नव्हता, तर आर्डुइनो मुळापासून नव्याने सुरू होत होते. पंपाची वायर काढून ठेवली की मात्र सगळे सुरळीत चाले आणि रिले एकदाच टक् करून तसाच राही. ही दोन्ही निरीक्षणे तिने वहीत तारीख घालून लिहिली होती. माझ्या मते अर्धे काम तिथेच झाले होते. फक्त ते तिला ठाऊक नव्हते.

ज्याने त्याने बॅटरीलाच दोष दिला. बाबांनी ती रात्रभर चार्जिंगला लावली, शेजारच्या दादाने त्याच्या पंपाची नवी बॅटरी आणून दिली. दोन्हींवर नमस्कार होताच.

बालाजीमामा औशाहून आले ते तिन्हीसांजेला. औशात त्यांचे मोटारींचे वायंडिंग भरण्याचे दुकान होते. आर्डुइनो त्यांनी कधी हातात धरले नव्हते आणि तसे त्यांनी आल्याआल्या सांगूनही टाकले. चहा पितापिता त्यांनी यंत्राचे चार नमस्कार नुसते पाहिले. कशाला हात लावला नाही.

“शाळेत चालत होतं म्हणतीस?”

“हो मामा, शाळेत नऊ फेऱ्या झाल्या होत्या. पण तिथं आर्डुइनो लॅपटॉपवर होता आणि बॅटरीवर फक्त पंप होता. प्रदर्शनात लॅपटॉप मिळणार नाही, म्हणून मी दोन्ही बॅटरीवर घेतलं.”

“आणि तेव्हा पाणी कसं येत होतं? जोरात का मंद?”

हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने आठवून पाहिले. पाणी मंदच येत होते. छिद्रांतून धार उडण्याऐवजी नुसते ओघळत होते, आणि छिद्रे बारीक पडली असतील असे समजून तिने ती मोठी केली होती.

मामांनी कप खाली ठेवला. “मग तुझ्या मशीनचं नंतर बघू. आधी पंपाला जेवायला पुरतंय का ते बघू.”

त्यांनी पिशवीतून मीटर काढले, पण स्वतः न मोजता तिच्या हातात दिले. बॅटरीच्या टोकांवर 12.6 आले. “हे माहीत आहे मला,” मुक्ता म्हणाली, “बाबांनी पण मोजलं होतं.”

“मोटार बंद असताना मोजलं होतं. रिकाम्या गाडीचा बैल दमत नसतो, माय.”

रिलेच्या दोन स्क्रूंमध्ये वायरचा तुकडा अडकवून त्यांनी पंप सरळ चालू करून ठेवला आणि पुन्हा मोजायला सांगितले. बॅटरीच्या टोकांवर 12.3. मग आर्डुइनोला जिथे वीज जात होती त्या टोकांवर. तिने पिना टेकवल्या, आकडा वाचला, पिना उचलून पुन्हा टेकवल्या. 7.9.

“बॅटरीत बारा आहेत आणि इथं आठसुद्धा नाहीत,” ती म्हणाली. “मधले चार कुठं गेले?”

“आता बरोबर विचारलंस.”

मामा ओसरीच्या कडेला सरकून बसले आणि समजावून सांगू लागले. त्यांच्या दुकानात महिन्यातून एक-दोन शेतकरी तरी तक्रार घेऊन येतात की मोटार धरत नाही, स्टार्टर आपोआप पडतो. डीपीपासून लांबच्या शेतात, लाइनच्या शेवटाला, व्होल्टेज आधीच उतरलेले असते. मोटार सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्या ओढीने व्होल्टेज आणखी बसते आणि स्टार्टरला धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉइल सोडून देते. मोटार चांगली, स्टार्टर चांगला, डीपीही चांगली. वीज वाटेतच मरते. “तुझं हे आर्डुइनो म्हणजे ती कॉइल समज. पंप चालू असताना इथं आठ राहतात. पंप उठतो त्या घडीला किती राहत असतील? या मीटरला ते दिसणार नाही, ते सावकाश चालतं. पण खाली जातंय नक्की.”

मुक्ताच्या डोळ्यांपुढे ते सगळे चक्र एकदम उभे राहिले. पंप उठतो, व्होल्टेज बसते, आर्डुइनो भान हरपते, त्यामुळे रिले सुटतो आणि पंप थांबतो. पंप थांबला की व्होल्टेज वर येते, आर्डुइनो जागे होऊन नमस्कार करते, माती कोरडीच असते आणि पुन्हा पंप उठतो. यंत्र तीन रात्री एकच गोष्ट सांगत होते.

“पण वाटेत म्हणजे नेमकं कुठं?”

“मोज की. एक पिन बॅटरीच्या टोकावर, दुसरी जोडाच्या पलीकडं. एकाच वायरवर. चांगल्या वायरवर काहीच यायला नको.”

धन बाजूला 0.6 आले. उणे बाजूला 3.8. तिने मनातच बेरीज केली. 4.4. 12.3 मधून तितके वजा केले की राहिलेला हिशेब दशांशासह जुळत होता, आणि इतका वेळ दाबून ठेवलेले हसू तिला आवरता आले नाही.

“आता बोट लाव त्या जोडाला. हळूच.”

काळ्या टेपची गुंडाळी मऊ पडली होती आणि कढत लागत होती. मामांनी पंप थांबवला, टेपचे टोक नखाने सोडवून वेढा-वेढा करत उलगडले. आत दोन वायरी एकमेकींना नुसत्या पिळलेल्या होत्या. एक फवारणी पंपाचीच जाड वायर. दुसरी दिवाळीच्या जुन्या माळेची, जी लांबी कमी पडली म्हणून तिने जोडली होती. मामांनी ती दिव्याच्या उजेडात धरली. माळेच्या वायरीत तांब्याच्या तारा मुळातच मोजक्या, त्यातल्याही बहुतेक सालपटासोबत तुटून गेलेल्या. दोनच तारा शिल्लक होत्या, त्याही काळवंडलेल्या.

“दातांनी सोललीस?”

मुक्ताने मान खाली घातली. मामा रागावले नाहीत. त्यांनी आपला पुढचा दात दाखवला, ज्याचा कोपरा उडालेला होता, आणि पिशवीतून वायर सोलायची पक्कड काढली.

त्यांनी दुरुस्तीचा आराखडा आधी तिच्या वहीत काढून घेतला. आतापर्यंत बॅटरीपासून एकच जोडी निघत होती आणि पुढे जाऊन तिच्यावरूनच पंप व आर्डुइनो दोघेही वीज घेत होते. आता पंपाची जाड जोडी बॅटरीच्या टोकांपासून सरळ रिलेमार्गे पंपाला आणि आर्डुइनोची जोडी वेगळी, तीही थेट बॅटरीच्या टोकांपासून. पंपाने कितीही ओढले तरी ती ओढ त्याच्या स्वतःच्या वायरीत राहील, शेजाऱ्याच्या वाट्याचे कमी होणार नाही. बॅटरीची टोके पॉलिश पेपरने घासून उजळ केली. धन बाजूचा जोड मामांनी सोल्डर करून दाखवला आणि उणे बाजूचा तिला करायला लावला. तिने वायर पक्कडीने सोलली, तारा मोजल्या, सोललेल्या सालपटात एखादी अडकली नाही ना ते पाहिले, मग पिळल्या. पहिले सोल्डर गोळा होऊन घसरले. “आधी तार तापव, सोल्डरला नको,” मामा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी ते चकचकीत होऊन तारांमध्ये शिरले.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. आजी जागीच होती. मुक्ताने रिलेवरचा वायरचा तुकडा काढला की नाही हे एकदा पाहून घेतले आणि बटण दाबले.

NAMASKAR. MATI: KORDI. PHERI: 1. टक्.

पंप घुर्र झाला आणि तसाच चालत राहिला. मोठ्या केलेल्या छिद्रांतून धारा इतक्या जोरात उडाल्या की आजीने पाय वर घेतले. मामांनी मीटर पुढे केले. आर्डुइनोच्या टोकांवर 12.2 होते. मुक्ताचे मीटरकडे लक्ष नव्हते. ती मातीकडे पाहत होती. कडेच्या भेगा आधी गडद झाल्या, मग मिटू लागल्या आणि रोपांच्या बुडाशी पाणी क्षणभर तळे करून आत जिरले. दोन मिनिटांच्या आसपास गेली असतील. टक् असा आवाज झाला, पंप थांबला आणि पडद्यावर ‘MATI: OLI’ आले. बॅटरीवर आजवर तो शेकडो वेळा थांबला असेल. माती ओली झाली म्हणून थांबण्याची ही पहिलीच वेळ होती.

“झालं का?” आजीने विचारले.

“एक मिनिट, आजी.”

तिने संवेदक मातीतून उपसला, ओढणीच्या टोकाने नीट पुसला आणि शेजारच्या डब्यातल्या कोरड्या मातीत खोचला. रिलेने टक् केले, पंप उठला, आणि पडद्यावर 2 आले.